व्हायवात लिजन कसं सांगायचं: जिभेच्या कडेच्या एका अल्सरवरून

प्रश्न: मॅडम, पुढच्या महिन्यात फायनल इयरची व्हायवा आहे. पेशंटच्या तोंडातलं लिजन दाखवून 'डिस्क्राइब करा' म्हटलं की मी थेट डायग्नोसिस सांगून मोकळी होते आणि मग साईट, साईज, शेप, सरफेस, कलर, कन्सिस्टन्सी सगळं उलटसुलट होतं. क्रमाने कसं सांगायचं? एखादी केस घेऊन सांगाल का?

उत्तर:

केस घेऊनच सांगते, कारण नुसती यादी तुला पाठ असणारच. मी ओरल मेडिसिनवाली, गंगापूर रोडला क्लिनिक आहे, बरीच वर्षं शिकवतेय आणि परीक्षाही घेते. ही केस मी प्रत्येक बॅचला सांगते.

सिन्नरकडचे एक काका, वय ५८, कांदा-टोमॅटोची शेती. जिभेला डाव्या बाजूला काहीतरी लागलंय, दोन महिने झाले, तिखट खाल्लं की झोंबतं, एवढीच तक्रार. तीसेक वर्षं तंबाखू-चुना. गावातल्या मेडिकलमधून मलम आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेऊन झालेल्या. तोंडात बघितलं तर खालच्या डाव्या पहिल्या दाढेचा, म्हणजे ३६ चा, जिभेकडचा कोपरा तुटून ब्लेडसारखा धारदार झालेला आणि बरोबर त्याच्यासमोर जिभेच्या कडेवर अल्सर. माझ्यासोबत तेव्हा दोन इंटर्न होते. एकीने आरसा आत घातला आणि लगेच म्हणाली, मॅडम, शार्प टूथमुळे ट्रॉमॅटिक अल्सर आहे. दुसऱ्याने तंबाखूची हिस्टरी ऐकली होती, तो म्हणाला कार्सिनोमा. मी विचारलं, साईज किती? दोघंही गप्प. एज कशी आहे? परत तोंडात बघायला गेले. बोट लावून बघितलं का? नाही.

तुझं जे होतं ते हेच आहे. नाव आधी तोंडातून निघालं की पुढचं सगळं वर्णन त्या नावाला साजेसं व्हायला लागतं. ट्रॉमॅटिक म्हटलं की एज आपोआप स्लोपिंग दिसायला लागते, कार्सिनोमा म्हटलं की एव्हर्टेड. म्हणून मी माझ्या मुलांना एकच बंधन घालते, कन्सिस्टन्सी सांगून होईपर्यंत आजाराचं नाव घ्यायचं नाही. आणि चोरून घेतलेलं नाव पण चालत नाही बरं का. 'ल्युकोप्लाकिक पॅच', 'मॅलिग्नंट लुकिंग अल्सर', 'फायब्रोमासारखी ग्रोथ' ही सगळी डायग्नोसिसच आहेत, वर्णनाचे कपडे घातलेली. ल्युकोप्लाकिया तर बाकीचे पांढरे आजार बाद केल्यावर द्यायचं नाव आहे. तू पहिल्याच वाक्यात ते वापरलंस तर एक्झामिनर लगेच विचारणार, बाकीचे कसे बाद केले? 'पांढरा पॅच, गॉजने पुसला जात नाही' असं म्हटलंस की कुणाला काही विचारायला जागाच नाही, कारण तू बघितलेलंच सांगितलंस.

दुसरी गोष्ट, तू जी सहा नावं लिहिलीस त्यातली पहिली पाच डोळ्यांची आणि शेवटचं बोटाचं. आधी इन्स्पेक्शन पूर्ण, मग पॅल्पेशन. हे अधूनमधून मिसळलं की सगळं विस्कटतं. मुलं साईज सांगता सांगता मधेच 'आणि टेंडर आहे' म्हणतात, मग शेप राहून जातो.

बघायला सुरुवात करायच्या आधी पेशंटला साध्या पाण्याने दोनदा खळखळून चूळ भरायला लाव. आपल्याकडे सकाळचा पेशंट मिसळ खाऊन आलेला असतो, रश्श्याच्या तर्रीने आख्खी जीभ लालभडक, हळदीने कोटिंग पिवळं, पान खाणाऱ्याच्या तोंडात काताचा तपकिरी रंग. त्यावरून कलर सांगितलास तर तो नाश्त्याचा कलर होईल. मग गॉजने जागा टिपून कोरडी कर, लाळेचा थर चमकतो आणि त्याखालचा बारीक ग्रॅन्युलर पोत दिसत नाही.

आता साईट. 'जिभेवर डाव्या बाजूला' हे फोनवर घरच्यांना सांगायला ठीक आहे. जिभेसाठी तीन गोष्टी लागतात, कुठला पृष्ठभाग (डॉर्सम, व्हेंट्रल की लॅटरल बॉर्डर), पुढून मागे कुठला भाग, आणि समोर कुठले दात. त्या काकांचं आम्ही असं लिहिलं, जिभेच्या डाव्या लॅटरल बॉर्डरवर, मिडल थर्डला, ३६ आणि ३७ च्या समोर, पुढची कड जिभेच्या टोकापासून साधारण ३ सेंटीमीटर मागे, मागची कड सर्कमव्हॅलेट पॅपिलीच्या रेषेच्या बरीच पुढे, वरच्या बाजूने डॉर्समवर थोडं चढलेलं, मिडलाइन मोकळी. यातलं शेवटचं अर्धं वाक्य मुलं गाळतात, आणि मला तेच सगळ्यात जास्त ऐकायचं असतं. कारण सर्कमव्हॅलेट पॅपिलीच्या पुढची जीभ ही ओरल कॅव्हिटीत मोजतात आणि मागची ऑरोफॅरिंक्समध्ये, दोन्हीकडच्या कॅन्सरचं वागणं वेगळं, स्टेजिंग वेगळं, ट्रीटमेंटचा विचार वेगळा. आणि मिडलाइन ओलांडली की दुसऱ्या बाजूच्या मानेचीही काळजी करावी लागते. म्हणजे साईट सांगताना कुठे आहे इतकंच महत्त्वाचं कुठपर्यंत पोचलेलं नाही हे पण.

साईटच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. लॅटरल बॉर्डरच्या अगदी मागच्या भागात फोलिएट पॅपिली असतात, उभ्या घड्या घड्या, कधी लालसर सुजलेल्या. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती ग्रोथ वाटते. लगेच दुसऱ्या बाजूला बघ. तिथेही तसंच असेल तर बहुतेक ती नॉर्मल रचना आहे. समोरच्या बाजूशी तुलना ही सवय प्रत्येक लिजनला लाव, बकल म्युकोजा असो की पॅलेट.

(बकल म्युकोजाचं लिजन आलं तर लँडमार्क बदलतात एवढंच, ओठाच्या कोपऱ्यापासून किती मागे, ऑक्लुजल प्लेनच्या वर की खाली, व्हेस्टिब्युलमध्ये उतरलंय का, रेट्रोमोलर भागापर्यंत गेलंय का. तंबाखूची गोळी कुठे ठेवता हे विचारून त्याच जागेवर आधी बघ, आणि मिश्री लावणाऱ्या आजी असतील तर हिरड्या आणि ओठाच्या आतला भाग ओढून बघ.)

साईज. इथे मी खरंच कडक आहे. 'वाटाण्याएवढं', 'सुपारीएवढं' असलं काही नको. आपल्या भागातला द्राक्षबागाईतदार मण्याची साईज सांगताना सोळा एमएम, अठरा एमएम असं बोलतो, रिंग लावून मोजतो, कारण एक्स्पोर्टचा माल त्यावर ठरतो. आपण माणसाच्या तोंडातलं मोजतोय. ग्रॅज्युएटेड प्रोब वापर, पण तुझ्या ट्रेमधला विल्यम्स प्रोब असेल तर त्यावरच्या खुणा १, २, ३, ५, ७, ८, ९, १० अशा असतात, ४ आणि ६ नसतात, त्यामुळे नुसत्या रेघा मोजत गेलीस तर चुकणार. दहा एमएमच्या पुढे असेल तर डिव्हायडरने दोन टोकं धर आणि स्केलवर ठेव. दोन मापं सांगायची, आणि कुठलं माप कुठल्या दिशेचं हेही. आमच्या पेशंटचं पुढून मागे १८ मिलिमीटर आणि वरून खाली ११. वाढ उंच उठलेली असेल तर तिसरं माप उंचीचं.

जिभेचं माप घेताना एक काळजी घे. गॉजने टोक धरून जीभ जोरात बाहेर ओढलीस की अल्सर लांबट आणि अरुंद होतो, साईजही बदलते आणि शेपही. टोक धरायचं, विरुद्ध बाजूला फक्त इतकंच वळवायचं की कड दिसेल, मग मोज. आमच्या त्या इंटर्नने पहिल्यांदा ओढून मोजलं तेव्हा २२ आलं होतं, सैल सोडून मोजल्यावर १८.

शेपवर फार वेळ घालवू नकोस, गोल, ओव्हल, लिनिअर, इरेग्युलर, यातलं जे असेल ते एका शब्दात. काकांचा अल्सर ढोबळ ओव्हल, आउटलाइन इरेग्युलर. ग्रोथ असेल तर मात्र सेसाइल की पेडन्क्युलेटेड हे इथेच सांगायचं, म्हणजे बूड वरच्या भागाइतकंच किंवा जास्त रुंद आहे की देठासारखं बारीक आहे. त्यासाठी प्रोबने ग्रोथ हलकेच बाजूला करून खाली बघावं लागतं, वरून बघून कळत नाही, कारण देठ असलेली ग्रोथ दबून पसरलेली असली तर सेसाइलच दिसते.

अल्सरला शेपनंतर एज. इथे चार शब्द आहेत आणि व्हायवात जितके मार्क जातात त्यातले निम्मे या चार शब्दांच्या गोंधळात जातात, म्हणून सावकाश सांगते. मार्जिन म्हणजे जिथे नॉर्मल एपिथेलियम संपतं ती रेघ, नकाशावरच्या हद्दीसारखी. एज म्हणजे त्या रेघेपासून खाली तळापर्यंतचा उतार, विहिरीच्या काठाची आतली भिंत समज. फ्लोअर म्हणजे तळ, जो डोळ्याला दिसतो. आणि बेस म्हणजे ज्यावर हा अल्सर बसलाय ते, जे दिसत नाही, बोटांनी चिमटीत धरल्यावर कळतं. 'बेस वर स्लफ दिसतोय' असं म्हणणारी मुलं दरवर्षी असतात, आणि एक्झामिनर तिथेच थांबवतो. स्लफ फ्लोअरवर, इंड्युरेशन बेसला.

एजचे प्रकार तू वाचले असशील. स्लोपिंग म्हणजे उतरती, बऱ्या होत असलेल्या अल्सरची. अंडरमाइन्ड म्हणजे कड आतून पोखरलेली, तिथे टीबी मनात येतो. पंच्ड आउट म्हणजे पंचिंग मशीनने भोक पाडल्यासारखी उभी. एव्हर्टेड म्हणजे उचलून बाहेरच्या बाजूला उलटलेली, कार्सिनोमात दिसणारी. पण खऱ्या तोंडात आख्ख्या अल्सरला एकच एज असेल असं नाही, आणि हे सांगायची हिंमत मुलं करत नाहीत. काकांच्या अल्सरची पुढची कड सपाट, उतरती होती, पुढच्या बाजूने बघणाऱ्याला तो शंभर टक्के ट्रॉमॅटिकच वाटला असता. मागची आणि वरची कड मात्र उचललेली आणि बाहेर वळलेली. आम्ही तसंच लिहिलं, एज पुढच्या बाजूला स्लोपिंग, मागच्या आणि वरच्या बाजूला रेझ्ड आणि एव्हर्टेड. व्हायवात असं बोललीस तर कळतं की या मुलीने आरसा फिरवून चारही बाजूंनी बघितलंय.

सरफेस म्हणजे पोत. ग्रोथ किंवा पॅच असेल तर स्मूथ, ग्रॅन्युलर, व्हेरुकस, पॅपिलरी, फिशर्ड असे शब्द येतात. अल्सर असेल तर सरफेसच्या जागी फ्लोअरचं वर्णन येतं. आमच्याकडे फ्लोअरवर पुढच्या अर्ध्या भागात पिवळट करडा स्लफ आणि मागच्या भागात लालसर, खडबडीत दाणेदार टिश्यू होता. शब्द आठवला नाही तर साधं सांग, 'फुलकोबीच्या वरच्या भागासारखं' म्हटलंस तरी मी पॅपिलरी समजून घेईन. चुकीचा मोठा शब्द वापरण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

पांढरं काही दिसलं तर सरफेसबरोबरच गॉज टेस्ट सांगून टाक. गॉजने घासलं आणि पांढरा थर निघून खाली लाल जागा राहिली तर स्यूडोमेम्ब्रेनस कॅन्डिडिआसिसकडे विचार जातो. निघत नसेल तर 'नॉन-स्क्रेपेबल'. आणि बकल म्युकोजावर दुधट पांढरट झाक असेल तर गाल ताणून बघ, ताणल्यावर नाहीशी झाली तर ते ल्युकोइडीमा, आजार नव्हेच. आमच्या पेशंटच्या अल्सरच्या पुढे साधारण ५ मिलिमीटरचा पांढरा पॅच होता, गॉजने निघाला नाही.

कलर सांगताना नेहमी शेजारच्या नॉर्मल म्युकोजाच्या तुलनेत सांग. 'लाल' पेक्षा 'आजूबाजूच्या म्युकोजापेक्षा जास्त लाल' हे जास्त खरं. लाल-पांढरं मिसळलेलं असेल तर तसंच म्हण, एक रंग निवडायची जबरदस्ती नाही, उलट पांढऱ्या पॅचमध्ये लाल भाग आहे हे सांगणं फार महत्त्वाचं, कारण निव्वळ पांढऱ्यापेक्षा अशा मिश्र पॅचमध्ये डिस्प्लेजिया किंवा कार्सिनोमा सापडायची शक्यता जास्त असते. निळसर-जांभळं दिसलं तर काचेची स्लाइड हलकेच दाबून बघतो, डायस्कोपी म्हणतात, रक्त वाहिन्यांमध्ये असेल तर जागा फिकी पडते, टिश्यूत सांडलेलं असेल तर पडत नाही. आणि असं फिकं पडणारं काही दिसलं की तिथे बायोप्सीची सुई किंवा ब्लेड घाईने लावायचं नाही हे व्हायवातही बोलून दाखव.

आता कन्सिस्टन्सी, आणि इथे मी थोडी रेंगाळणार, कारण या केसचा निकाल इथेच लागला.

आधी बोटांना भाषा शिकव. स्वतःचा ओठ दाब, ते सॉफ्ट. नाकाचं टोक दाब, ते फर्म. कपाळ दाब, ते हार्ड. दिवसातून चार वेळा कर, आठवड्यात बोटांना सवय होते. पाणी भरलेल्यासारखं हलत असेल तर फ्लक्च्युअंट, तो वेगळा अनुभव, एका बोटाने दाबलं की दुसऱ्या बोटाला लाट जाणवते.

जिभेच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे बाहेर काढलेल्या जिभेला हात लावून 'हार्ड आहे' म्हणणं. जीभ बाहेर काढली की तिचे स्नायू आवळलेले असतात, आणि आवळलेला स्नायू कुणाचाही कडकच लागतो. तू आत्ता स्वतःची जीभ बाहेर काढून बाजूने चिमटीत धरून बघ, मग आत सैल सोडून धरून बघ, फरक लगेच कळेल. म्हणून इंड्युरेशन बघायचं तर पेशंटला सांगायचं, काका, जीभ आतच ठेवा, ढिली सोडा, आणि मग ग्लोव्ह घातलेलं तर्जनीचं बोट एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला ठेवून हलकी चिमट घ्यायची. आधी उजवी नॉर्मल बाजू, मग डावी. नॉर्मल बाजूने सुरुवात केली की बोटांना त्याच माणसाच्या जिभेचं माप मिळतं आणि पेशंटही बिचकत नाही. आणि दुखतंय का हे त्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरव, बोटांकडे बघून नको.

काकांच्या बाबतीत बोटाला काय लागलं ते सांगते. पुढच्या बाजूला, पांढऱ्या पॅचखाली, जीभ मऊ. अल्सरच्या खाली पोचल्यावर हाताला घट्ट, न दबणारं काहीतरी, नाकाच्या टोकाच्या पुढचं, कपाळाकडे जाणारं. आणि मागच्या कडेपासून ते घट्टपण संपतच नव्हतं, दिसणाऱ्या मार्जिनच्या मागे अजून साधारण ६ मिलिमीटर नॉर्मल दिसणाऱ्या म्युकोजाखालून ते पुढे गेलेलं. वरून बघणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही, गुलाबी, स्वच्छ जीभ. हात काढला तर ग्लोव्हवर रक्ताचा ठिपका, आणि काकांना विशेष दुखलंही नाही.

आता हिशेब बघ. डोळ्याला दिसलेला अल्सर १८ मिलिमीटर, म्हणजे २ सेंटीमीटरच्या आत. बोटाला लागलेला विस्तार १८ अधिक ६, २४ मिलिमीटर, म्हणजे २ च्या पुढे. ओरल कॅव्हिटीच्या टीएनएममध्ये टी-वन आणि टी-टूच्या मधली एक रेघ २ सेंटीमीटरवर आहे. नुसत्या नजरेने तो रेघेच्या अलीकडे होता, बोटाने पलीकडे गेला. आठव्या एडिशनपासून टीमध्ये डेप्थ ऑफ इन्व्हेजनही धरतात, ५ आणि १० मिलिमीटरच्या रेघा, आणि ती खोली बोटाने सांगता येत नाही. बोटाला जाडी कळते, खोली इमेजिंगमध्ये आणि शेवटी पॅथॉलॉजीच्या स्लाइडवर ठरते. व्हायवात कुणी विचारलं तर हा फरक स्पष्ट सांग, बोट लावून 'डेप्थ ६ एमएम' असं ठोकून देऊ नकोस.

म्हणून पॅल्पेशनमध्ये साईज परत एकदा सांगायची, दिसलेली वेगळी आणि लागलेली वेगळी. सोबत टेंडरनेस, हात लावल्यावर ब्लीडिंग, खालच्या टिश्यूला फिक्सिटी, आणि जीभ असेल तर हालचाल, बाहेर सरळ येते का, एका बाजूला वळते का. मान राहिली तर सगळं अर्धवट, म्हणून लिजन संपताच लिम्फ नोड. काकांना डाव्या सबमँडिब्युलर भागात एक नोड होता, साधारण दीड सेंटीमीटर, फर्म, हलणारा, न दुखणारा.

आता हे सगळं तू एक्झामिनरसमोर सलग कसं बोलशील ते लिहिते. तू इंग्रजीत बोलशील, क्रम हाच ठेव, मधे श्वास घे:

"इन्स्पेक्शनमध्ये, जिभेच्या डाव्या लॅटरल बॉर्डरवर मिडल थर्डला, ३६ आणि ३७ च्या समोर एकच अल्सर आहे, वर डॉर्समवर थोडा चढलेला, मिडलाइन ओलांडलेली नाही, मागे सर्कमव्हॅलेट पॅपिलीपर्यंत गेलेला नाही. साईज पुढून मागे १८ आणि वरून खाली ११ मिलिमीटर. शेप ओव्हल, मार्जिन इरेग्युलर. एज पुढे स्लोपिंग, मागे आणि वर रेझ्ड, एव्हर्टेड. फ्लोअरवर पुढे पिवळट करडा स्लफ, मागे लाल ग्रॅन्युलर टिश्यू. पुढच्या बाजूला ५ मिलिमीटरचा नॉन-स्क्रेपेबल पांढरा पॅच. समोर ३६ ची लिंग्वल कस्प तुटून धारदार आहे. पॅल्पेशनमध्ये, वरच्या सगळ्या गोष्टी कन्फर्म झाल्या. थोडा टेंडर, हात लावल्यावर ब्लीडिंग, बेस इंड्युरेटेड, इंड्युरेशन मागच्या मार्जिनच्याही मागे साधारण ६ मिलिमीटर, पॅल्पेबल साईज २४ मिलिमीटर. जिभेची हालचाल नॉर्मल. डाव्या सबमँडिब्युलर भागात एक नोड, दीड सेंटीमीटर, फर्म, मोबाइल, नॉन-टेंडर."

घड्याळ लावून बघ, दीड मिनिटाच्या आत होतं. यानंतर तू म्हणालीस 'माझं पहिलं प्रोव्हिजनल डायग्नोसिस स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, डिफरन्शियलमध्ये क्रॉनिक ट्रॉमॅटिक अल्सर आणि ट्युबरक्युलर अल्सर' तर ते नाव आपोआप आलेलं असेल, कुणी विचारलंच तर प्रत्येक शब्दाला उत्तर तुझ्या वर्णनातच आहे.

हल्ली बऱ्याच ठिकाणी पेशंटऐवजी स्क्रीनवर फोटो दाखवतात, तिथे दोन गोष्टी बदलतात. फोटोत स्केल नसेल तर मिलिमीटरचा आकडा ठोकू नकोस, शेजारच्या दाताशी तुलना कर. खालची पहिली दाढ पुढून मागे साधारण ११ मिलिमीटर रुंद असते, वरचा मधला दात साधारण साडेआठ. 'लिजनची लांबी साधारण दीड दाढेएवढी, म्हणजे अंदाजे १६ मिलिमीटर' असं म्हटलंस तर ते प्रामाणिकही आहे आणि उपयोगाचंही. मात्र फोटोत लिजन दाताच्या पुढे किंवा मागे असेल तर हा अंदाजही चुकतो, तेही बोल. आणि कन्सिस्टन्सी फोटोवरून सांगायचीच नाही. 'कन्सिस्टन्सी पॅल्पेशनशिवाय सांगता येणार नाही, मी बेसचं इंड्युरेशन, टेंडरनेस आणि नोड्स तपासेन' एवढं म्हण. फोटो बघून 'फर्म आहे' म्हणणाऱ्या मुलांना मी एकच विचारते, कुठल्या बोटाने बघितलंस?

व्हायवात या केसवर पुढचा प्रश्न ठरलेला आहे, दात धारदार आहे तर आधी कस्प गुळगुळीत करून दोन आठवडे थांबायचं का नाही? सहसा हेच बरोबर असतं. कारण काढलं की ट्रॉमॅटिक अल्सर साधारण दोन आठवड्यांत भरायला लागतो, नाही भरला तर बायोप्सी. पण जुन्या ट्रॉमॅटिक अल्सरचा बेसही कधी कधी घट्ट लागतो, म्हणून नुसतं इंड्युरेशन पुरावा नाही, हेही लक्षात ठेव. इथे मात्र एव्हर्टेड एज, मार्जिनच्या बाहेर गेलेलं इंड्युरेशन, पांढरा पॅच, तंबाखू आणि नोड हे सगळं एकत्र होतं, थांबायला कारण नव्हतं. कस्प त्याच दिवशी गुळगुळीत केली आणि बायोप्सी त्याच आठवड्यात, मागच्या एव्हर्टेड कडेवरून, शेजारचा थोडा नॉर्मल दिसणारा म्युकोजा धरून. मधल्या स्लफमधून घेतली असती तर पॅथॉलॉजिस्टला मेलेला टिश्यू मिळाला असता आणि रिपोर्ट 'इनकन्क्लुझिव्ह' आला असता.

रिपोर्ट स्क्वॅमस सेल कार्सिनोमा आला. काकांना हेड-नेक सर्जनकडे पाठवायच्या आधी मी फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, मागे किती जातंय आणि मिडलाइनचं काय. मी केस शीट समोर ठेवून वाचून दाखवलं, दिसतंय १८, लागतंय २४, सहा मिलिमीटर मागे, मिडलाइन मोकळी. ते म्हणाले, ठीक, एमआरआय करून पाठवा.